पंधरा तारखेचा हिशोब

जुलैमध्ये रिटर्न भरताना बऱ्याच नोकरदारांना एक आकडा खटकतो. पगारातून कंपनीने टीडीएस कापलेला असतो, एफडीच्या व्याजावर बँकेनेही कापलेला असतो, तरी शेवटी पन्नास-पाऊणशे हजार भरायचे निघतात. त्याखाली २३४बी आणि २३४सी या कलमांच्या नावाने आणखी काही हजार लागलेले असतात. ‘कर सगळीकडे कापलाय ना, मग व्याज कसलं?’ हा प्रश्न सीएंच्या ऑफिसात दर मोसमात ऐकू येतो, आणि विचारणारा माणूस करबुडवा मुळीच नसतो.

घोटाळा होतो तो असा. टीडीएस कापणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या उत्पन्नाचा स्वतःपुरताच तुकडा दिसतो. कंपनी पगार पाहते आणि त्यावरचा कर बरोबर कापते. बँक व्याज पाहते आणि सरसकट १० टक्के कापून मोकळी होते. तुम्ही २५ टक्क्यांच्या टप्प्यात आहात की ३०च्या, याच्याशी तिला देणंघेणं नाही. भाडेकरू साधी व्यक्ती असेल आणि भाडं महिन्याला ५० हजारांच्या आत असेल, तर तो काहीच कापत नाही. हे सगळे तुकडे एकत्र केले की कर वाढतो, आणि वाढलेला तो फरक कुणीच कापलेला नसतो. टीडीएस वजा करून वर्षाचा हा फरक १० हजार रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष संपायच्या आत हप्त्याहप्त्याने भरायचा, असा कायदा आहे. यालाच आगाऊ कर किंवा ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. तो फक्त धंदेवाल्यांना लागतो हा समज चुकीचा आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. ठाण्यातल्या, खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या एक बाई धरा. वर्ष २०२५-२६, करप्रणाली नवी. पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर उरतात १८ लाख. त्यावरचा सेससकट कर कंपनीने पुरेपूर कापला आहे, तेव्हा पगाराचा विषय संपला. आईवडिलांकडून आलेला एक फ्लॅट त्यांनी महिना २५ हजारांनी भाड्याने दिला आहे. वर्षाचं भाडं ३ लाख. त्यातून कायद्याने मिळणारी ३० टक्के वजावट काढली की २ लाख १० हजार करपात्र राहतात. शिवाय एफडीचं व्याज १ लाख ९० हजार, त्यावर बँकेने १९ हजार टीडीएस कापला आहे. म्हणजे पगाराबाहेरचं उत्पन्न ४ लाख, एकूण २२ लाख.

नव्या प्रणालीत २० लाखांपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला २० टक्के आणि २० ते २४ लाखांना २५ टक्के दर आहे. तेव्हा या ४ लाखांपैकी पहिल्या २ लाखांवर ४० हजार, पुढच्या २ लाखांवर ५० हजार, मिळून ९० हजार. चार टक्के सेस धरून ९३,६००. त्यातून बँकेने कापलेले १९ हजार वजा केले की ७४,६०० उरतात. बाईंचा आगाऊ कर हा एवढा.

आता हप्ते. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत शंभर टक्के. हे टक्के त्या तारखेपर्यंतच्या एकूण भरण्याचे आहेत. सप्टेंबरात नव्याने ४५ टक्के भरायचे नसतात. जूनचं धरून ४५ व्हायला हवेत. आपल्या उदाहरणात जूनअखेर नव्हे, १५ जूनपर्यंत ११,१९०, सप्टेंबरपर्यंत एकूण ३३,५७०, डिसेंबरपर्यंत ५५,९५० आणि मार्चपर्यंत पूर्ण ७४,६००.

समजा, बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि वर्षभर त्यांनी एक रुपयाही भरला नाही. २० जुलै २०२६ला रिटर्न भरायला बसल्यावर काय दिसेल?

पहिलं व्याज हप्ते चुकवल्याचं, कलम २३४सी खाली. दर महिन्याला एक टक्का. पण महिने मोजायची पद्धत ठरलेली आहे: जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचा हप्ता कमी पडला तर प्रत्येकी सरळ तीन महिन्यांचं व्याज, मार्चचा कमी पडला तर एका महिन्याचं. रक्कम शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणजे ११,१९०चे ११,१०० धरतात, एवढीच सूट. जूनच्या हप्त्यावर तीन टक्के म्हणजे ३३३ रुपये, सप्टेंबरचे १,००५, डिसेंबरचे १,६७७ आणि मार्चचे एक टक्क्याने ७४६. बेरीज ३,७६१.

दुसरं व्याज कलम २३४बी खाली. ३१ मार्चला वर्ष संपलं तेव्हा देय कराच्या ९० टक्केही भरलेले नव्हते म्हणून हे लागतं. हेही महिन्याला एक टक्का, १ एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत, आणि महिन्याचा तुकडा म्हणजे अख्खा महिना. एप्रिल, मे, जून, जुलै असे चार महिने. ७४,६००वर २,९८४ रुपये. दोन्ही मिळून ६,७४५. मूळ करात ही भर.

दोन्ही व्याजं सरळव्याज आहेत, चक्रवाढ नाहीत. तरी वर्षाला १२ टक्के दर पडतो, आणि एफडीवर मिळणाऱ्या व्याजावर पुन्हा कर असतो. सरकारचे पैसे वापरून बँकेत कमवू, हा हिशोब इथे बसत नाही. उलटा प्रकार पाहिला तर फरक जास्तच डोळ्यांत येतो: तुम्ही जास्त आगाऊ कर भरलात आणि परतावा निघाला, तर सरकार व्याज देतं महिन्याला अर्धा टक्का, तेही परतावा देय कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल तरच. घ्यायचा दर वेगळा, द्यायचा वेगळा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी समजून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हे व्याज दिवसावर चालत नाही, रेषेवर चालतं. १५ जूनचा हप्ता चुकला तर तीन महिन्यांचं व्याज लागलंच. मग तुम्ही १७ जूनला भरा नाही तर १० सप्टेंबरला. त्या हप्त्याचे ३३३ रुपये तेवढेच राहतात. घाबरून १६ तारखेला धावतपळत भरणाऱ्याला त्याचं काहीच मिळत नाही. लक्ष पुढच्या रेषेवर हवं: १५ सप्टेंबरच्या आत एकूण ४५ टक्के झाले की पुढचं व्याज थांबलं.

एप्रिलनंतरही तेच. बाईंनी ३ एप्रिलला पैसे भरले असते तर २३४बीचा एक महिना, ७४६ रुपये. ३० एप्रिललाही ७४६च. १ मे उजाडला की १,४९२. अनेकजण कंपनीकडून फॉर्म १६ हातात यायची वाट बघत थांबतात, तो साधारण जूनच्या मध्याला मिळतो. पण कर भरायला फॉर्म १६ लागत नाही, रिटर्नला लागतो. अंदाज काढता येत असेल तर एप्रिलमध्येच स्वयंमूल्यांकन कर म्हणून रक्कम भरून टाकावी आणि रिटर्न सवडीने भरावं.

सगळ्यात महत्त्वाची रेष मार्चअखेरची. १५ मार्च चुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम कायदा त्याच वर्षाचा आगाऊ कर मानतो. बाईंनी २० मार्चला ७४,६०० भरले असते, तर २३४सीचे ३,७६१ टळले नसते, पण २३४बी शून्य झालं असतं. १० मार्चला भरले असते तर मार्चच्या हप्त्याचे ७४६ही वाचले असते. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाग आलेल्याला ‘आता काय, झालंच उशीर’ म्हणायचं कारण नाही. २,९८४ वाचवायची संधी अजून हातात असते.

नव्वद टक्क्यांची रेषही अशीच धारदार आहे. ७४,६००चे ९० टक्के ६७,१४०. बाईंनी मार्चअखेर ६७,२०० भरले तर उरलेल्या ७,४०० रुपयांवर २३४बी लागत नाही. ६७,००० भरले तर लागतं, आणि ते १४० रुपयांवर नाही, उरलेल्या पूर्ण ७,६००वर. जून आणि सप्टेंबरला कायद्याने थोडी ढील दिली आहे: १५ ऐवजी १२ टक्के आणि ४५ ऐवजी ३६ टक्के भरलेले असले तरी व्याज नाही. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज चुकणारच, हे इथे गृहीत धरलेलं दिसतं. बाईंच्या बाबतीत जूनची ही खालची रेष ८,९५२ची. नऊ हजार भरले की सुटका. पण ८,९०० भरले तर तूट १२ टक्क्यांपासून मोजत नाहीत, १५ टक्क्यांपासून मोजतात. डिसेंबर आणि मार्चला अशी ढील नाही.

अंदाज काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. भाडं ठरलेलं असतं. एफडीचा दरही ठरलेला असतो. फक्त मुदत संपल्यावर मिळणाऱ्या ठेवीचं व्याज दरवर्षी जमा होतं तसं धरायचं, पावती मोडेल त्या वर्षी एकदम नाही. बँकही टीडीएस तसाच दरवर्षी कापते. खरी पंचाईत भांडवली नफ्याची. शेअर किंवा म्युच्युअल फंड जानेवारीत विकायचा हे जूनमध्ये कुणाला माहीत असतं? कायद्याने हे ओळखलं आहे. भांडवली नफा, लाभांश, लॉटरीसारखी बक्षिसं आणि त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या धंद्याचं उत्पन्न, यांच्यावरचा कर ते उत्पन्न झाल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत पूर्ण भरला, आणि हप्ता उरलाच नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरला, की त्या रकमेपुरतं २३४सी लागत नाही. लाभांशाला ही सवलत २०२१च्या वित्त कायद्याने मिळाली.

आपल्याच बाईंनी जानेवारीत इक्विटी फंड विकून ५ लाख २५ हजारांचा दीर्घकालीन नफा कमावला असं धरू. त्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या ४ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ५० हजार, सेस धरून ५२ हजार. हे ५२ हजार १५ मार्चच्या हप्त्यात भरले की यावर २३४सीचं व्याज शून्य.

पण रिटर्नमध्ये एक छोटा तक्ता असतो. नफा कोणत्या काळात झाला ते तिथे पाच रकान्यांत भरायचं असतं: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च आणि १६ मार्च ते ३१ मार्च. घाईत सगळा नफा पहिल्या रकान्यात टाकला, तर कार्यप्रणाली समजते की तो जूनच्या आधीच झाला होता, आणि मागचे तीन हप्ते थकवल्याचं व्याज लावते. या ५२ हजारांवर ते सुमारे २,१०० रुपये होतं, आणि ते देणं लागत नसताना भरलं जातं. २३४सीचा आकडा आपल्या हिशोबापेक्षा मोठा दिसला तर आधी हा तक्ता उघडून पाहावा. लाभांशालाही असाच तक्ता आहे. ब्रोकर किंवा फंड कंपनीच्या विवरणात प्रत्येक विक्रीची तारीख असते, तिच्यावरून रकाने भरायला अर्धा तास पुरतो.

नोकरदारांच्या हातात आणखी एक मार्ग असतो, आणि तो फार कमी लोक वापरतात. हप्त्यांची तूट काढताना एकूण करातून टीडीएस आधी वजा होतो, आणि तो वर्षात कोणत्या महिन्यात कापला गेला हे कुणी विचारत नाही. फेब्रुवारीच्या पगारातून कापलेला टीडीएसही जूनच्या हप्त्याच्या हिशोबात वजा होतो. त्यामुळे बाईंना डिसेंबरात जाग आली असती, तर स्वतः चलन भरण्याऐवजी त्यांनी कंपनीकडे इतर उत्पन्नाचं घोषणापत्र द्यायला हवं होतं. जानेवारी ते मार्चच्या पगारातून कंपनीने ७४,६०० जादा कापले असते, वर्षाचा निव्वळ देय कर शून्यावर आला असता आणि मागच्या तिन्ही चुकलेल्या हप्त्यांचं व्याजही पुसलं गेलं असतं. तेच पैसे डिसेंबरात स्वतः चलनाने भरले असते तर निदान जून-सप्टेंबरचे १,३३८ रुपये गेलेच असते. मात्र कंपनीचं पगारखातं असं घोषणापत्र साधारण जानेवारीपर्यंतच घेतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर हात हलवत परत यावं लागतं.

साठी पूर्ण केलेल्या निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर भरावाच लागत नाही, पेन्शन, व्याज, भाडं, भांडवली नफा कितीही असो. अट एकच, धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नको. इथे निवृत्तीनंतर फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणारे फसतात. तो कायद्याच्या नजरेत धंदा आहे, आणि त्याच्यापायी पेन्शनवरचीही ही सूट जाते. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत कर भरणारे डॉक्टर, वास्तुविशारद, छोटे व्यापारी यांना मात्र एकच हप्ता, १५ मार्चला शंभर टक्के.

तारखेबद्दल दोन गोष्टी. १५ जून २०२५ रविवार होता आणि १५ मार्च २०२६ही रविवारच. बँकेची सुट्टी आल्यास पुढच्या कामाच्या दिवशी केलेला भरणा वेळेत धरावा, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९४चं परिपत्रक आहे. पण आता भरणा घरबसल्या रविवारीही होतो, तेव्हा नंतर परिपत्रक दाखवत बसण्यापेक्षा शनिवारी भरलेलं बरं. दुसरी गोष्ट, रिटर्नची मुदत वाढली म्हणून २३४बी थांबत नाही. २०२५मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस पुढे गेली. उशिरा रिटर्न भरल्याचं जे वेगळं व्याज असतं, कलम २३४एचं, ते या वाढीव मुदतीत लागलं नाही. पण कर थकलेला असणाऱ्यांचं २३४बी ऑगस्ट आणि सप्टेंबरातही चालूच राहिलं. मुदत उलटून गेली आणि करही थकलेला असला, तर दोन्ही व्याजं एकाच वेळी चालतात, महिन्याला दोन टक्के.

मला माहीत नव्हतं, आजारी होतो, चुकून राहिलं, यातलं काही सांगून अधिकाऱ्याला पाझर फोडता येत नाही. अंजुम घासवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केलं की ही व्याजं बंधनकारक आहेत. मोजक्या ठरावीक परिस्थितीत वरिष्ठ पातळीवर माफी मिळू शकते, विस्मरण त्यात बसत नाही.

भरणा करताना आयकर खात्याच्या पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये जायचं. वर्ष चालू असताना `Advance Tax (100)` निवडायचं, १ एप्रिलनंतर त्या संपलेल्या वर्षासाठी `Self-Assessment Tax (300)`. इथे वर्ष चुकीचं निवडणं ही सर्वांत सामान्य गफलत आहे, आणि २०२६ हे वर्ष तिला अगदी पोषक आहे. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा, २०२५चा, लागू झाला. हप्त्यांच्या तारखा आणि टक्के तेच राहिले, कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. त्यामुळे बाईंनी जुलै २०२६मध्ये भरलेला मागचा कर हा २०२५-२६च्या उत्पन्नाचा, म्हणजे जुन्या कायद्याखाली कर निर्धारण वर्ष २०२६-२७चा. आणि त्याच बाईंचा १५ जून २०२६चा पहिला हप्ता हा नव्या कायद्याखाली कर वर्ष २०२६-२७चा. आकडे अगदी तेच, उत्पन्नाची वर्षं वेगळी. चलन भरल्यावर पावती लगेच उतरवून घ्यावी, त्यावरचं वर्ष आणि १०० की ३०० हे वाचावं, आणि चूक दिसली तर पोर्टलवरच दुरुस्तीची विनंती त्याच आठवड्यात टाकावी, कारण ती सोय ठरावीक दिवसांपुरतीच उघडी असते.